पत्रा लगेच निवतो, स्लॅब रात्री अकरालाही तापलेला आणि जुनी दगडी भिंत भर दुपारी गार, असं का? समजून घ्या दोन आकड्यांमधून

मे महिन्यात लातूर किंवा नांदेडकडच्या एखाद्या गावात तीन प्रकारची घरं शेजारी शेजारी दिसतात. एक पत्र्याचं, एक आरसीसी स्लॅबचं आणि एक जुनं, दगड-मातीच्या जाड भिंतींचं माळवद. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बसवत नाही, पण दिवस मावळला की तासाभरात ती बरी होते. स्लॅबच्या घराचं उलटं आहे. सकाळी अकरापर्यंत ते ठीक असतं, पण रात्री अकराला पंखा लावला तरी वरून गरम वाराच येतो. माळवदात मात्र दुपारी शिरलं की बाहेर ४२ अंश आहेत हे खरं वाटत नाही.

ऊन तिन्ही घरांवर तेच आणि हवाही तीच. तरी फरक पडतो, कारण उष्णता पदार्थात शिरायला आणि त्यातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि हा वेळ प्रत्येक छताचा, प्रत्येक भिंतीचा वेगळा असतो. तापमान सतत बदलत असताना घन पदार्थातून जी उष्णता वाहते, तिला अस्थिर उष्णतावहन म्हणतात. मेकॅनिकल किंवा केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना हा धडा असतो आणि त्यात दोन नावं पाठ करावी लागतात : बायोट नंबर आणि फूरिए नंबर. दोन्ही नावं फ्रेंच आहेत. पहिल्याचा खरा उच्चार ‘बिओ’ असा आहे, पण आपल्याकडे कॉलेजात सगळे बायोटच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलंय.

दोन्ही आकड्यांना एकक नसतं. म्हणजे ते मीटरमध्ये नाहीत, सेकंदात नाहीत, अंशातही नाहीत. ती नुसती गुणोत्तरं आहेत, ‘हे त्याच्या किती पट’ एवढंच सांगणारी.

बायोट नंबर : अडचण वेशीवर की गल्लीत?

जत्रेच्या दिवशी गावात शिरणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. गर्दीला दोन ठिकाणी अडथळा होतो. एक गावाच्या वेशीवर, आत शिरताना. दुसरा आतल्या गल्ल्यांमध्ये, पुढे सरकताना. वेस अरुंद असेल आणि आत मोकळं मैदान असेल, तर जितके लोक आत येतात तितके लगेच सगळीकडे सारखे पसरतात. उलट वेस मोठी असेल आणि गल्ल्या बोळकांड्या असतील, तर वेशीजवळ चेंगराचेंगरी होते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नसतं.

उष्णतेचंही तसंच होतं. हवेतून पदार्थाच्या पृष्ठभागावर येताना तिला एक अडथळा होतो, तो 1/h. यातला h म्हणजे पृष्ठभाग आणि हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण किती सहज होते, त्याचं माप. पृष्ठभागावरून आत शिरल्यावर दुसरा अडथळा येतो, तो L/k. L म्हणजे जाडी आणि k म्हणजे त्या पदार्थाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता. आतल्या अडथळ्याला पृष्ठभागाच्या अडथळ्याने भागलं की बायोट नंबर मिळतो.

```
Bi = (L/k) ÷ (1/h) = h × L / k
```

हा आकडा ०.१ पेक्षा कमी आला तर सगळी अडचण वेशीवर आहे असं समजायचं. मग पदार्थाच्या आत सगळीकडे जवळजवळ एकच तापमान असतं आणि आत काय चाललंय याचा वेगळा विचार करावा लागत नाही. आकडा १ च्या बराच वर गेला तर अडचण गल्लीत आहे. अशा पदार्थाचं बाहेरचं अंग एका तापमानाचं असतं आणि आतलं भलत्याच. गार वाटणारा बटाटेवडा तोंडात फोडल्यावर जीभ भाजतो ना, तो आतल्या अडचणीचाच प्रकार.

आता आपली तीन घरं घेऊ. स्थिर किंवा मंद हवेत एका बाजूसाठी h साधारण १० धरता येतो (एकक आहे वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश). पत्रा अर्धा मिलिमीटर जाड, पोलादाचा k सुमारे ५०. पत्र्याला दोन्ही बाजूंनी हवा लागते म्हणून h दुप्पट, २० घेऊ. Bi येतो २० × ०.०००५ ÷ ५० = ०.०००२. ठोकताळे जरा इकडे तिकडे झाले तरी ०.१ च्या जवळपासही जात नाही.

स्लॅब १२ सेंटिमीटरचा, काँक्रीटचा k सुमारे १.६. Bi = १० × ०.१२ ÷ १.६ = ०.७५. म्हणजे वेस आणि गल्ली, दोन्हीकडे बऱ्यापैकी अडचण.

दगड-मातीची भिंत ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट धरू. दगड आणि मधला मातीचा भराव मिळून k साधारण १.५. Bi = १० × ०.६ ÷ १.५ = ४. इथे अडचण स्पष्टपणे आत आहे.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण परीक्षेत इथे हमखास मार्क जातात. नुसेल्ट नंबर नावाचा आणखी एक आकडा असतो आणि त्याचं सूत्रही h × L / k असंच दिसतं. पण त्यातला k हवेचा किंवा पाण्याचा असतो, बायोटमधला k घन पदार्थाचा. भिंतीच्या गणितात हवेचा k (सुमारे ०.०२६) टाकलात तर उत्तर पन्नास-साठ पट फुगतं. बायोट काढताना ‘आत काय आहे?’ असं स्वतःला विचारलं की चूक होत नाही.

फूरिए नंबर : उष्णतेचं घड्याळ

बायोट नंबर अडचण कुठे आहे ते सांगतो. वेळेबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी दुसरा आकडा आहे.

रात्री हरभरा भिजत घातला आणि दोन तासांनी एक दाणा चावून पाहिला, तर बाहेरून मऊ आणि मध्ये कोरडा लागतो. सकाळपर्यंत तो गाभ्यापर्यंत भिजतो. काबुली चणा मोठा, त्याला आणखी वेळ लागतो. आता ‘दोन तास भिजला’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. दोन तास मुगाला पुरतात, काबुलीला नाही. खरा प्रश्न असा की त्या दाण्याला पूर्ण भिजायला जितका वेळ लागतो, त्याच्या किती पट वेळ झालाय?

फूरिए नंबर नेमकं हेच विचारतो, फक्त पाण्याऐवजी उष्णतेबद्दल.

```
Fo = α × t / L²
```

t म्हणजे घड्याळातला वेळ. α म्हणजे पदार्थात उष्णता किती भराभर मुरते ते सांगणारा गुणांक. पुस्तकात त्याला औष्णिक विसरणशीलता असं जड नाव आहे. तो काढायला k ला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागतात. त्याचं एकक चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असं घेतलं की आकडे हाताळायला सोपे जातात : काँक्रीटसाठी सुमारे ०.७४, दगड-मातीच्या भिंतीसाठी सुमारे ०.७, पोलादासाठी सुमारे १३.

Fo १ च्या फार खाली असेल तर बाहेरची बातमी अजून पलीकडच्या बाजूला पोचलेली नाही. १ च्या आसपास आला की ती चांगलीच पोचली. १ च्या बराच वर गेला की आतली वाटचाल उरकली, आता काही अडत असेल तर ते वेशीवर.

सूत्रात L चा वर्ग आहे, आणि या अख्ख्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण साधं आहे. भिंत दुप्पट जाड झाली की एक तर तापवायचा माल दुप्पट होतो. शिवाय तापमानातला तोच फरक दुप्पट अंतरावर पसरतो, त्यामुळे उष्णतेचा प्रवाह निम्म्यावर येतो. माल दुप्पट, पुरवठा निम्मा, म्हणून वेळ चौपट.

आता Fo = १ व्हायला किती वेळ लागतो ते बघा. पत्रा : ०.५ मिलिमीटरचा वर्ग भागिले १३, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. स्लॅब : १२० चा वर्ग भागिले ०.७४, म्हणजे सुमारे १९,५०० सेकंद, साडेपाच तासांच्या आत. दोन फुटी भिंत : ६०० चा वर्ग भागिले ०.७, म्हणजे ५ लाख १४ हजार सेकंद. तासांत १४३. जवळपास सहा दिवस!

म्हणजे दुपारचं ऊन या भिंतीच्या आतल्या बाजूला पोचायच्या आत रात्र होते आणि बाहेरची बाजू पुन्हा निवू लागते. सहा तासांच्या कडक उन्हात उष्णता साधारण बारा सेंटिमीटर आत जाते (α × t चं वर्गमूळ काढलं की हा अंदाज मिळतो). उरलेल्या ४८ सेंटिमीटरला त्या दुपारची जेमतेम झळ लागते.

रात्री अकराच्या स्लॅबचं गणित

आता दोन्ही आकडे एकत्र वापरू. बायोट लहान असेल तेव्हा Bi आणि Fo यांचा गुणाकार हेच निवण्याचं घड्याळ होतं. गुणाकार १ झाला की तापमानातला जादा फरक साधारण ३७ टक्क्यांवर येतो.

पत्र्याला त्यासाठी दीड मिनिट लागतं. सूर्य ढगाआड गेला की पत्र्याची खोली लगेच बरी वाटते ती त्यामुळे. पत्र्यात साठलेली उष्णता नसतेच म्हणा ना.

स्लॅब दोन्ही बाजूंनी निवतो, म्हणून जाडीच्या निम्मे, ६ सेंटिमीटर, हे L घ्यायचं. L म्हणजे नेहमी पूर्ण जाडी असं नसतं. उष्णता एकाच बाजूने जात-येत असेल तर पूर्ण जाडी, दोन्ही बाजूंनी तर निम्मी. Bi आता ०.३८ च्या आसपास आला. साध्या पद्धतीने ३७ टक्क्यांवर यायला ३.६ तास लागतात. पण ०.३८ हे ०.१ पेक्षा मोठं आहे, म्हणजे आतल्या अडचणीकडे आपण जरा काणाडोळा केलाय. ती धरली की वेळ चार तासांच्या आसपास जातो.

समजा संध्याकाळी सातला स्लॅबचं सरासरी तापमान ४६ अंश आहे आणि हवा ३४ अंश. जादा आहेत १२ अंश. रात्री अकराला त्यातले साडेचारच्या आसपास उरतात, म्हणजे स्लॅब अजून ३८ अंशांच्या वर. तुमच्या त्वचेपेक्षा गरम असं अख्खं छत डोक्यावर उष्णता फेकत असतं. पंखा ती उष्णता थांबवत नाही, वर छताला चिकटलेली गरम हवा उलट खाली आणतो. छतावर पाणी मारून लोक झोपतात ते उगाच नाही. पाणी बाष्प होताना वरच्या बाजूची वेस एकदम रुंद करतं. पण ते दिवस मावळायच्या सुमारास मारलं तर उपयोग. दहा वाजता मारून अकराला गारवा मागितला तर मिळणार नाही, कारण स्लॅबचं स्वतःचं घड्याळ तासांचं आहे.

मग सगळ्यांनी माळवदच बांधायचं का?

इथे लातूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ आठवल्याशिवाय राहणार नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं घरात गाढ झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. बहुतेक मृत्यू याच जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली झाले. भिंतीचा बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर, मध्ये माती-गोट्यांचा भराव आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की पदर सुटे होऊन ढासळले आणि लाकडी तुळयांवरची फूट-दोन फूट माती खाली आली.

वजनाचा हिशोब करा. दोन फुटी दगडी भिंतीच्या एका चौरस मीटरचं वजन १,४०० किलोच्या आसपास भरतं. दीड फूट मातीच्या माळवदाचं चौरस मीटरला सातशे किलो तरी. १२ सेंटिमीटरचा स्लॅब ३०० किलो, पत्रा जेमतेम ४ किलो. जी जाडी फूरिए नंबर लहान ठेवून दुपार गार करत होती, तिचंच ते वजन होतं.

भूकंपानंतर लोक आधी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं हलकी आणि सुरक्षित, पण भिंती पातळ. दगडाखाली झोपायची भीती गेली, उन्हाळा मात्र घरात आला.

तेव्हा प्रश्न असा आहे की वजन न वाढवता दुपार बाहेर कशी ठेवायची? इथे एकच आकडा पाहणारा माणूस हमखास फसतो.

स्लॅबवर ५ सेंटिमीटर थर्माकोल घालायचं ठरवलं आणि फक्त फूरिए नंबर काढला, तर निराशाच होते. थर्माकोलचा α सुमारे १.३ आहे, दगडाच्या जवळपास दुप्पट! ५० चा वर्ग भागिले १.३, म्हणजे अर्ध्या तासात Fo = १. उष्णतेची बातमी अर्ध्या तासात पलीकडे. मग हे कसलं उष्णतारोधक?

बातमी लवकर पोचते, माल फारच थोडा पोचतो. थर्माकोल इतका हलका असतो की त्याला स्वतःला तापायला काहीच लागत नाही, म्हणून α मोठा. पण त्याचा k फक्त ०.०३५ आहे. Bi = १० × ०.०५ ÷ ०.०३५, म्हणजे १४ च्या वर. गल्ली एवढी अरुंद की वेशीवर कितीही गर्दी होऊ दे, आत एकेकटाच शिरणार.

सगळे अडथळे बेरीज करून पाहा. नुसता स्लॅब : दोन बाजूंचे ०.१ आणि ०.१, स्लॅबचा स्वतःचा ०.०७५, एकूण ०.२७५. थर्माकोलचे १.४३ मिळवले की १.७. म्हणजे तेवढ्याच तापमान-फरकाला उष्णता सहाव्या हिश्श्यावर. आणि दोन फुटी दगडी भिंतीचा आतला अडथळा किती? फक्त ०.४. चौरस मीटरला एक किलोचा थर १,४०० किलोच्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता अडवतो. फक्त भिंतीसारखा उशीर मात्र तो करत नाही. उशीर हवा असेल तर त्याच्याखालचा स्लॅब आहेच. म्हणून थर वरून घालायचा, खालून नाही. वर घातला तर स्लॅब तापतच नाही आणि रात्री अकराची भट्टीही पेटत नाही. त्यावर पाणी न झिरपणारा थर आणि फरशी लागते, नाहीतर पावसाळ्यात ओलं झालेलं उष्णतारोधक कामातून जातं. ओलाव्याने k वाढतो.

पत्र्यावर किंवा पत्र्याखाली उसाचं पाचट, कडबा, तुराट्या टाकायची आपल्याकडची रीत याच गणितातली आहे. अडकलेली हवा, k कमी, वजन नगण्य. फक्त चुलीची ठिणगी आणि उंदीर यांचा विचार आधी करा.

या आकड्यांना न कळणाऱ्या गोष्टी

पृष्ठभागावर किती ऊन शोषलं जातं, हे दोन्ही आकड्यांत कुठेच नाही. काळपट स्लॅब आणि चुन्याने पांढरा केलेला स्लॅब, दोघांचे Bi आणि Fo तेच, पण पांढरा मुळातच कमी तापतो. खिडकीचंही तसंच. भर दुपारी खिडक्या उघड्या टाकल्या तर भिंतीतून सहा दिवसांनी येणारी उष्णता खिडकीतून सहा सेकंदांत येते.

आणि जाड भिंत गारवा तयार करत नाही, हेही लक्षात घ्या. तिचं Fo एका दिवसात ०.१७ होतं, पण महिनाभरात ५ होतं. म्हणजे मे महिन्याची सरासरी ती पूर्ण शोषते. दुपारी ४२ आणि पहाटे २७ असेल तर भिंत ३४-३५ च्या आसपास स्थिरावते. दुपारी ते गार वाटतं, पहाटे कोंदट. जुन्या लोकांनी उन्हाळ्यात अंगणात, माळवदावर झोपायची सवय लावून घेतली होती ती यातूनच. जमिनीतल्या पेवात हाच प्रकार वर्षाच्या हिशोबाने चालतो : मातीत दोन-सव्वादोन मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळ्यातला फरक एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. जोसेफ फूरिएने स्वतः जमिनीत ऋतूंची उष्णता किती खोल जाते याचं गणित मांडलं होतं. त्याचा उष्णतेवरचा प्रसिद्ध ग्रंथ १८२२ चा.

हे स्वतः तपासायचं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने छताच्या आतल्या बाजूचं तापमान दर तासाला लिहून काढा. पत्र्याचं शिखर उन्हाबरोबर, दीड-दोनच्या सुमारास येईल. स्लॅबचं तीन-चार तास उशिरा, पाच-साडेपाचला. स्लॅबचं शिखर दोनलाच दिसत असेल तर तो पातळ आहे किंवा तुम्ही खिडकीच्या झळांजवळ मोजताय. कोरोनात घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती माणसाच्या तापाच्या पट्ट्याबाहेर गेली की आकडाच दाखवत नाही. आणि नवा चकचकीत पत्रा कुठल्याही अशा यंत्राला फसवतो, कारण तो स्वतःचं कमी आणि समोरच्याचं जास्त दाखवतो. त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा.